मीटर म्हणालं, कंडेन्सर ठीक आहे

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय लिहून द्यायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी मोबाइलवरून चालणारं काही ना काही लिहिलं. मी लिहिलं, ‘व्हॉल्व्हचा जुना रेडिओ चालू करणे.’ गाईड सरांनी कागद परत केला. “दुरुस्ती म्हणजे प्रोजेक्ट नाही,” ते म्हणाले. “तू त्यात काय मोजणार आहेस, ते लिहून आण.”

रेडिओ आजोबांचा. ते गेल्यापासून माळ्यावर होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला. आमचं शहर लहान, व्हॉल्व्हची कामं करणारे हात आता इथे उरलेले नाहीत, त्यामुळे घरात कुणी तो उघडायच्या भानगडीत पडलं नव्हतं. मी खाली उतरवला तेव्हा आजीनं पदरानं डायलची काच पुसली आणि एवढंच विचारलं, “लावणार आहेस?” मी हो म्हटलं. त्या वेळी मला त्यातलं काहीही येत नव्हतं.

मागचा पुठ्ठा काढला. पाच व्हॉल्व्ह होते. काचेवरची अक्षरं पुसट झाली होती, पण टॉर्च तिरका धरला की वाचता येत होती: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८०. ही नावं नीट वाचली याचा मला पुढे फार उपयोग झाला. पहिलं अक्षर ‘ई’ म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारं फिलामेंट ६.३ व्होल्टचं, आणि पाचही व्हॉल्व्ह ‘ई’चे असले तर सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर असणार. तो होताही. नावं ‘यू’नं सुरू झाली असती तर सगळी फिलामेंट एकामागोमाग जोडलेली निघाली असती आणि बहुधा चॅसी, म्हणजे सेटचा पत्र्याचा सांगाडा, सरळ मेन्सच्या एका तारेला लागलेली. तसा सेट प्लग उलटा बसला तर हात लावताक्षणी झटका देतो. तसा असता तर मी कॉलेजात नेलाच नसता.

आमच्या प्रयोगशाळेत एक काका आहेत. उपकरणं देणं-घेणं त्यांच्याकडे असतं. त्यांनी तरुणपणी असे सेट हाताळले होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पहिल्या दिवशी तीन गोष्टी सांगितल्या. सरळ मेन्सला लावायचा नाही, सिरीज बोर्डवर शंभर वॉटचा बल्ब लावून त्यातूनच वीज द्यायची. ईझेड ८० काढून ठेवायचा. आणि बंद केल्यावरही मीटर लावून पाहिल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, कारण फिल्टर कंडेन्सर अडीचशे-तीनशे व्होल्ट धरून बसलेला असू शकतो.

ईझेड ८० हा रेक्टिफायर, एसीचा डीसी करणारा. तो काढला की मोठा डीसी व्होल्टेज तयारच होत नाही; फक्त ट्रान्सफॉर्मर आणि फिलामेंट यांची परीक्षा होते. बल्ब क्षणभर प्रखर लागला आणि मग मंदावला. गार फिलामेंट सुरुवातीला जास्त करंट ओढतात, तापली की कमी. बल्ब तसाच भगभगत राहिला असता तर ट्रान्सफॉर्मर शॉर्ट. पुढे बल्ब काढून थेट वीज दिली आणि फिलामेंटवर ६.९ व्होल्ट दिसले, म्हणजे हवे होते त्यापेक्षा जास्त. मागच्या पट्टीवर व्होल्टेज निवडायचा खटका २२० वर होता आणि प्रयोगशाळेत २३८ येत होते. तो २४० वर नेला आणि ६.३ च्या आसपास आलो.

फिल्टर कंडेन्सरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुना डबा तळाशी फुगला होता, आतला द्राव सुकून बाहेर आला होता. चॅसीच्या खाली ४५० व्होल्टचे, ४७ मायक्रोफॅरडचे दोन नवे लावले आणि डबा शोभेसाठी वर तसाच ठेवला. एका मित्रानं २२० मायक्रोफॅरड लाव, घरघर आणखी कमी होईल असं सुचवलं होतं. ते करू नये. ईझेड ८० च्या माहितीपत्रकात पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड दिली आहे. त्याहून मोठा लावला तर तो भरताना व्हॉल्व्हमधून झेपेल त्यापेक्षा मोठा करंट जातो.

मग ईझेड ८० बसवला आणि सेट चालू केला. डायलचा दिवा लागला. आवाज काही नाही. दहा सेकंद गेली. मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात काका म्हणाले, “थांब. त्याला तापू दे.” वीस-पंचवीस सेकंदांनी स्पीकरमधून हलकी गुणगुण आली, मग खरखर. शॉर्टवेव्हवर काटा फिरवला तेव्हा एक आवाज सापडला, भाषा कळत नव्हती, पण माणूस बोलत होता. मी सरांना फोन करून सांगितलं. सर म्हणाले, “छान. आता मोज.”

इथून पुढे खरं काम सुरू झालं.

तो बोलणारा माणूस घोगरा होता. पहिली पाच मिनिटं बरा वाटायचा, नंतर आवाज फाटत जायचा, आणि वीस मिनिटांनी ईएल ८४ च्या जवळ हात नेला की चांगलीच धग लागायची. ईएल ८४ हा शेवटचा व्हॉल्व्ह, स्पीकरला ताकद देणारा. तो गरम असणारच. किती गरम म्हणजे जास्त, हे हातानं ठरत नाही. म्हणून कॅथोडवरचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावरचा, व्होल्टेज मोजला. कॅथोड आणि चॅसी यांच्यामध्ये १५० ओहमचा रेझिस्टन्स आहे. व्हॉल्व्हमधून जाणारा सगळा करंट त्यातूनच जातो, त्यामुळे तिथला व्होल्टेज म्हणजे त्या व्हॉल्व्हची नाडी. साधारण ७ व्होल्ट यायला हवे होते, म्हणजे ४७ मिलिअँपिअरच्या आसपास. चालू केल्यावर पाच मिनिटांनी आले ८.२. वीस मिनिटांनी ९. म्हणजे ६० मिलिअँपिअर. त्यातला साधारण सहा स्क्रीन ग्रिडचा धरला, तर इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या प्लेटवर ५४ मिलिअँपिअर आणि तिथे सुमारे २३० व्होल्ट. गुणाकार साडेबारा वॉटच्या जवळ जातो. या व्हॉल्व्हच्या प्लेटची मर्यादा १२ वॉट. तो हळूहळू स्वतःला भाजत होता.

व्हॉल्व्ह जास्त करंट का ओढतो? त्याच्या कंट्रोल ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीवर, जे असायला हवं ते नसलं तर. ग्रिड कॅथोडपेक्षा ऋण असावी लागते, आणि इथे ते साध्या युक्तीनं केलेलं असतं: कॅथोड ७ व्होल्ट वर उचललेला, ग्रिड ४७० किलोओहमच्या रेझिस्टन्सनं चॅसीला बांधून शून्यावर. मी ग्रिडवर मीटर लावला. शून्याच्या जागी अधिक १.८ व्होल्ट. वीस मिनिटांनी अधिक ३.१.

ग्रिडवर धन व्होल्टेज यायचे मुख्य मार्ग दोन. एक, ईएल ८४ स्वतःच बिघडलेला आहे आणि त्याची ग्रिड उलटा करंट वाहते. दोन, आधीच्या ईबीसी ८१ च्या प्लेटवरून ध्वनी इकडे आणणारा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे. त्या प्लेटवर ८५ व्होल्ट होते. कंडेन्सरचं काम ध्वनीचा बदलता व्होल्टेज सोडायचा आणि हे ८५ व्होल्ट अडवायचे.

मी कंडेन्सरचं एक टोक सोडवलं आणि मल्टिमीटरनं तपासला. सर्वांत वरच्या, २० मेगाओहमच्या रेंजवर मीटरनं डावीकडे नुसता १ दाखवला, म्हणजे रेंजच्या पलीकडे, गळती नाही. कपॅसिटन्सही ०.०१ मायक्रोफॅरडच्या आसपास आली. वहीत लिहिलं, ‘कपलिंग कंडेन्सर ठीक.’ आणि दोष व्हॉल्व्हवर टाकला.

त्या चुकीच्या ओळीपायी माझा दीड आठवडा गेला. बदली ईएल ८४ मिळवायला वेळ लागला; शेवटी काकांच्या ओळखीतून एक जुना पण चांगला मिळाला. तो बसवला, आणि वीस मिनिटांनी ग्रिडवर पुन्हा अधिक ३. मी वही घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी आकडे वाचले आणि विचारलं, “कंडेन्सर ठीक आहे हे तुला कुणी सांगितलं?”

“मीटरनं.”

“मीटरनं तो किती व्होल्टवर तपासला?”

मला उत्तर माहीत नव्हतं. ते मीटरच्या आत बघितलं तर कळतं: नऊ व्होल्टची बॅटरी, आणि ओहमच्या रेंजवर टोकांना त्याहूनही कमीच व्होल्टेज येतो. मेणकागदाचा कंडेन्सर जुना झाला की कागदात ओल शिरते. थोड्या व्होल्टवर ती ओल गप्प असते. ८५ व्होल्टवर करंट सोडते, आणि तापल्यावर आणखी सोडते. माझा कंडेन्सर तर ईएल ८४ च्या सॉकेटला खेटून होता. बाहेर काढून टेबलावर थंड केला की शहाण्यासारखा वागायचा, सेटमध्ये ताप मिळाला की गळायचा, आणि तो गळला की व्हॉल्व्ह जास्त तापायचा.

सरांनी मला तिथेच हिशोब करायला लावला. ग्रिडवर १.८ व्होल्ट, रेझिस्टन्स ४७० किलोओहम. म्हणजे गळती करंट ३.८ मायक्रोअँपिअर. कंडेन्सरच्या दोन टोकांत राहिले सुमारे ८३ व्होल्ट. भागाकार केला तर त्याचा रोध येतो जवळपास २२ मेगाओहम. मीटरची हद्द २० ची! म्हणजे व्होल्टचा मुद्दा बाजूला ठेवला तरी मीटर १ च दाखवणार होतं. ते खोटं बोलत नव्हतं, त्याला तेवढं दिसतच नव्हतं. वीस मिनिटांनंतरच्या ३.१ वरून रोध १२ मेगाओहमच्या थोडा वर आला. तापल्यावर जवळजवळ निम्मा.

निदान करायची योग्य रीत फार साधी होती, आणि मी अर्धी करून सोडली होती. कंडेन्सरचं एक टोक सुटं ठेवून *सेट चालू करायचा* आणि ग्रिडवर पुन्हा मोजायचं. धन व्होल्टेज गेला तर दोष कंडेन्सरचा; राहिला तर व्हॉल्व्हचा. मी तसं केलं. पाच मिनिटांनी शून्य. वीस मिनिटांनी शून्य. मग त्या जागी ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर टाकला. कॅथोडवर ७ व्होल्ट आले आणि तासभर तिथेच राहिले. आधीचा ईएल ८४ परत बसवला, तोही तसाच वागला. त्याच्यात काहीच बिघाड नव्हता. आवाजातला घोगरेपणा गेला.

वहीतली ‘कपलिंग कंडेन्सर ठीक’ ही ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून नवी लिहिली.

ईएल ८४ च्या प्लेटवरचा टोनचा कंडेन्सरही बदलला, कारण तो मेणकागदाचाच होता, त्याच्यावर २५० व्होल्ट होते आणि तो शॉर्ट झाला असता तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला असता. बाकीचे कागदी कंडेन्सर कमी व्होल्टच्या जागांवर होते. एकेक चालू सेटमध्ये मोजले आणि राहू दिले. सगळे एकदम काढून टाकले असते तर सेट लवकर झाला असता, पण बिघडलं कोण होतं हे कधीच कळलं नसतं.

एक अडचण शिल्लक होती. शॉर्टवेव्ह चालत होतं, मिडीयमवेव्हवर मात्र नुसती मंद सळसळ. आजी ऐकायची ते सगळं मिडीयमवेव्हवर.

इथे काकांनी दाखवलेली रीत मला सगळ्यात आवडली. अशा सेटमध्ये ईसीएच ८१ चा एक भाग स्वतःची एक लहर तयार करत असतो, ऐकायच्या स्टेशनपेक्षा बरोबर ४५५ किलोहर्ट्झनं वरची. ती लहर थोडी बाहेरही सांडते. म्हणून जुन्या सेटचा काटा १००० वर ठेवायचा, एक छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ शेजारी ठेवून १४५५ च्या आसपास फिरवायचा. लहर तयार होत असेल तर ट्रान्झिस्टरची खरखर तिथे एकदम दबते, कुणी हात ठेवल्यासारखी. मोठ्या सेटचा काटा हलवला की ती जागाही हलते. आमच्या ट्रान्झिस्टरची खरखर कुठेच दबली नाही. लहर बंद होती.

मग ती बंद का, हा प्रश्न. ईसीएच ८१ दोन्ही बँडना एकच, आणि शॉर्टवेव्हवर तो चालत होता, म्हणून व्हॉल्व्हवर मी या वेळी संशय घेतला नाही. दोन बँडमध्ये वेगळं काय, तर कॉइल आणि त्या जोडणारा बँड स्विच. कॉइलला मीटर लावला, तुटलेली नव्हती. स्विचच्या चकतीवरचे चांदीचे संपर्क काळे पडले होते, आणि मिडीयमवेव्हची एक जोडी कधी जोडायची, कधी नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला पातळ कागद पात्यांमधून हळूच फिरवला, स्विच वीस-तीस वेळा इकडून तिकडे केला. घासकागद लावायचा मोह होतो, पण चांदीचा थर निघाला की संपर्क कायमचा जातो. सगळं वाळू दिलं, सेट चालू केला आणि ट्रान्झिस्टर शेजारी ठेवला. १४४० च्या जवळ खरखर दबली. काटा पंधरा किलोहर्ट्झनं चुकत होता, एवढंच. डायलची दोरी सैल होऊन घसरली होती. ती ताणून काटा सरकवला. आयएफटीच्या, म्हणजे ४५५ किलोहर्ट्झवर जुळवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या, डब्यांमधल्या पेचांना हात लावला नाही. ते फिरवावेत असं वाटायला लावणारा एकही आकडा माझ्याकडे नव्हता.

व्हायवा सकाळी अकराला होती. आदल्या दिवशी मी सेट तिथे लावून पाहिला आणि धसकलो: स्टेशन नावाला नाही, सगळीकडे भुणभुण. दिवसा मिडीयमवेव्हवर दूरचं काही येत नाही, लहरी वरच्या वातावरणातल्या एका थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबची स्टेशनं उतरतात. त्यात प्रयोगशाळेत एलईडीच्या नळ्या आणि वीस संगणकांचे पॉवर सप्लाय. मी सिग्नल जनरेटर मागून घेतला आणि १००० किलोहर्ट्झवर सूर देऊन काम भागवायचं ठरवलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी तो सूर ऐकला, मान हलवली आणि विचारलं, “यात तू नवीन काय केलंस?”

मी जुना कपलिंग कंडेन्सर खिशातून काढला. मल्टिमीटर लावला, १ दिसला. मग इलेक्ट्रिकल विभागातून आणलेला मेगर, म्हणजे मोठ्या व्होल्टवर रोध मोजणारं मीटर, २५० व्होल्टवर ठेवून त्याच दोन टोकांना लावला. काटा खाली आला आणि थांबला. सोल्डरिंग आयर्न कंडेन्सरच्या शेजारी धरला, चिकटवला नाही, नुसता शेजारी. काटा आणखी खाली सरकू लागला. मॅडमनी मेगर स्वतःच्या हातात घेतला आणि नवा फिल्म कंडेन्सर लावायला सांगितला. काटा वर, शेवटच्या खुणेला. मग त्यांनी माझी वही मागितली आणि ती ‘कपलिंग कंडेन्सर ठीक’वाली ओळ सापडेपर्यंत पानं उलटली. ती का खोडली नाही, असं विचारलं. मी सांगितलं की त्या दिवशी माझ्याकडे तेवढंच दिसत होतं. पुढचे प्रश्न सगळे त्याच पानावर झाले.

रेडिओ त्याच संध्याकाळी घरी आणला. खिडकीतून सात-आठ मीटर वायर बाहेर सोडून एरियल केली, घरातले एलईडी दिवे बंद केले. वडील, आई, शेजारची मुलं जमली. मी बाजूला झालो आणि आजीला म्हटलं, “तू लाव.”

तिनं डावा खटका फिरवला. दिवा लागला. आवाज नाही. वडील पुढे झाले, “अरे, बघ रे, काय झालं?” मुलं माझ्याकडे बघायला लागली. आजीनं मात्र हात मांडीवर ठेवले आणि डायलकडे बघत बसून राहिली.

“तापू दे त्याला,” ती म्हणाली.